सलग नऊ स्टॉपलॉस लागले: पद्धत मेली की रांगच लांबली?

अरे, काल रात्रीचा तुझा मेसेज आज सकाळी चहाबरोबर वाचला. "नऊच्या नऊ तोट्यात, 20 दिवसांचा ब्रेकआउट आता चालत नाही, सोमवारपासून दुसरं काहीतरी शोधतो." सोबत पाठवलेली सौद्यांची शीट त्यानंतर तासभर बघत बसलो. लांबलचक लिहितोय, कारण हाच मेसेज तू मला मागच्या वर्षीही केला होतास. तेव्हा पद्धत वेगळी होती आणि तोटे सहा होते.

आधी पद्धत एकदा मांडतो, म्हणजे पुढे घोळ नको. शेअर मागच्या 20 दिवसांच्या उच्चांकाच्या वर बंद झाला की दुसऱ्या दिवशी घ्यायचा. स्टॉप दोन एटीआर खाली, म्हणजे शेअर रोज सरासरी जेवढा हलतो त्याच्या दुप्पट अंतरावर. 10 दिवसांच्या नीचांकाखाली बंद झाला की बाहेर. दर सौद्यात भांडवलाच्या 1 टक्का जोखीम, त्याहून जास्त नाही. यात तू शोधलेलं काही नाही आणि मीही नाही. 1983 मध्ये शिकागोत रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी नवख्या माणसांना शिकवून बाजारात उतरवलं, तेव्हाच्या नियमांतही 20 दिवसांचा ब्रेकआउट आणि दोन एटीआरचा स्टॉप होताच.

मागचे 212 सौदे तूच तपासले होतेस. त्यांतले 85 नफ्याचे, म्हणजे शंभरात 40. नफ्याचा सौदा सरासरी जोखमीच्या 2.4 पट देतो, तोट्याचा एक पट घेतो. दहा सौदे धरले तर चार वेळा 2.4 पट, म्हणजे 9.6 आले आणि सहा गेले. उरले 3.6. सगळा धंदा एवढ्यावर आहे. या धंद्यात दहातले सहा सौदे हरायचेच असतात, आणि तू ज्याला अपयश म्हणतोयस ते या सहांचंच एका ओळीत येऊन बसणं आहे.

आता रांगेचं गणित. दर सौदा हरायची शक्यता 60 टक्के. आत्तापासून पुढचे नऊ सौदे सलग हरायची शक्यता 0.6 चा नववा घात, म्हणजे साधारण 1 टक्का. तू बहुधा हेच करून घाबरलास: शंभरात एकदा घडणारी गोष्ट माझ्यावरच आली, म्हणजे काहीतरी बिघडलं. पण प्रश्न चुकलाय. तू काही ठरवून "हे नऊ" निवडले नव्हतेस. तू वर्षानुवर्षं सौदे करतोयस आणि त्यात कुठेही नऊची रांग लागली तरी तुझं लक्ष तिथेच जाणार. मग विचारायला हवं ते हे की शंभर सौद्यांत कुठेतरी सलग नऊ किंवा जास्त तोटे यायची शक्यता किती? ती 30 टक्क्यांच्या आसपास येते. सलग आठची निम्म्याला टेकते.

हे पटत नसेल तर टॉस आठव. 2023 च्या वर्ल्डकप फायनलपासून 2025 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलपर्यंत भारत वनडेत सलग 15 टॉस हरला, त्यातले 12 आपल्या रोहितचे. ठरावीक 15 टॉस हरायची शक्यता 32,768 मध्ये एक. तरी कोणी नाणं बदला म्हटलं नाही, आणि चॅम्पियन्स ट्रॉफीतले पाचही टॉस हरून आपण कप आणलाच. (टॉसमध्ये कौशल्य नसतं हे मला कळतं. म्हणूनच तो घेतला. ज्यात बिघडण्यासारखं काहीच नाही, तिथेही अशी रांग लागते.)

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः कर. नवी शीट उघड, पहिली ओळ मथळ्याला सोड. A2 मध्ये पहिलं सूत्र आणि B2 मध्ये दुसरं टाकून दोन्ही 101 व्या ओळीपर्यंत ओढ, आणि तिसरं D2 मध्ये ठेव.

```
A2:  =IF(RAND()<0.4,2.4,-1)
B2:  =IF(A2<0,N(B1)+1,0)
D2:  =MAX(B2:B101)
```

A मध्ये शंभर खोटे सौदे येतात, पण शक्यता तुझ्याच. B सलग तोटे मोजतो. D2 मध्ये त्या शंभरातली सर्वात लांब रांग दिसते. एखाद्या रिकाम्या घरात जाऊन डिलीट दाबत राहा, दर वेळी नवे शंभर सौदे पडतील. 7 आणि 8 सारखे दिसतील, 5 आणि 6 पण येतील, आणि मधूनच 11 किंवा 12 येऊन बसेल. आता A चा स्तंभ खालपर्यंत बेरीज करून बघ. 9 ची रांग असलेल्या बऱ्याच शंभरकड्या शेवटी चांगल्या नफ्यात असतात. या शीटमध्ये पद्धत मरूच शकत नाही, कारण 0.4 आणि 2.4 तूच टाकलेत. तरीही रांग येते.

एक उलटी चूकही आत्ताच सांगून ठेवतो, कारण ती तुझ्या पुढच्या मेसेजमध्ये येणार: "नऊ हरलो, म्हणजे दहावा येणारच." नाही. दहाव्याची शक्यता तीच 40 टक्के. बाजार तुझं काही देणं लागत नाही.

मग रांगेतून काहीच कळत नाही का? थोडं कळतं, तेवढंच प्रामाणिकपणे सांगतो. समज पद्धत खरोखर कमजोर झाली आणि आता शंभरात 30 च सौदे जिंकतात. मग नफा जवळपास शून्य: तीन वेळा 2.4 म्हणजे 7.2, आणि गेले सात. अशा मेलेल्या पद्धतीत शंभर सौद्यांत नऊची रांग दिसायची शक्यता 70 टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे ठणठणीत पद्धतीत दहातून तीनदा, मेलेल्यात दहातून सातदा. ताप आला की मलेरिया असू शकतो, पण साधी सर्दीही असू शकते. रक्त तपासल्याशिवाय क्विनाइन कोणी घेत नाही, आणि तू सरळ डॉक्टरच बदलायला निघालास.

तर तपासणी. मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने तुझी शीट बघितली.

पहिला प्रश्न: हे नऊ सौदे पद्धतीचे होते का?

इथेच माझा निम्मा चहा थंड झाला. तुझ्या शीटमध्ये "कारण" असा एक स्तंभ आहे, तो तू भरतोस पण वाचत नाहीस. सहाव्या सौद्यापुढे तूच लिहिलंयस, "ग्रुपवर आला होता, चार्ट बरा वाटला." त्या दिवशी त्या शेअरचा 20 दिवसांचा उच्चांक तुटलेलाच नव्हता. हा सौदा पद्धतीचा नाही, त्याचा तोटा तिच्या नावावर टाकायचा नाही.

चौथा सौदा पद्धतीचा आहे, पण तू दोन दिवस उशिरा घेतलास. ब्रेकआउटचा भाव 500, स्टॉप 470, शेअरमागे जोखीम 30 रुपये. तेव्हाच्या भांडवलाच्या 1 टक्का म्हणजे 4,851, त्यावरून 161 शेअर काढलेस. बरोबर. पण प्रत्यक्षात घेतलेस 520 ला आणि संख्या तीच ठेवलीस. स्टॉप लागला तेव्हा शेअरमागे 30 ऐवजी 50 गेले: 4,830 जायचे तिथे 8,050. उशीर झाला तर सौदा सोड, नाहीतर नव्या भावावरून संख्या पुन्हा काढ. 520 ला ती 97 आली असती.

आणि सातव्यानंतरची ती रिकामी ओळ. तारीख आहे, शेअर आहे, पुढे लिहिलंयस, "सिग्नल आला, पण आता हिंमत नाही." मी चार्ट उघडून बघितला. नियमाने घेऊन नियमाने बाहेर पडला असतास तर जोखमीच्या चार पट मिळाले असते.

आता टिपेचा सौदा काढ आणि सोडलेला घाल. सहा तोटे, मग एक मोठा नफा, मग दोन तोटे. पद्धतीने तुला सहाचीच रांग दिली होती. नऊची तू केलीस. तोटे आले की माणूस पुढचा सिग्नल सोडतो, आणि नेमका सोडलेलाच पळतो, असं वाटतं खरं. पण त्यात नशिबाचा काही डाव नाही. या पद्धतीचा बहुतेक नफा दहातल्या एक-दोन लांब पळणाऱ्या सौद्यांतून येतो, बाकीचे नफे स्टॉप भरून काढण्यात जातात. त्यामुळे एक सौदा सोडणं म्हणजे सरासरीतला एक भाग सोडणं नव्हे. ज्या एक-दोघांवर घर चालतं त्यांतला एक सोडण्याची ती जोखीम असते.

दुसरा प्रश्न: पैसे नक्की कशाने गेले?

सहाव्या सौद्यापासून तू जोखीम 1 टक्क्यावरून 3 टक्के केलीस. "वसूल करायला." मला फोनवर तू हे सांगितलं नव्हतंस.

हिशेब मांडतो, दलाली आणि कर सोडून. सुरुवात 5 लाख. पहिले तीन सौदे 1 टक्क्याने हरलास, मग तो 8,050 चा चौथा, मग पाचवा, आणि पुढचे चार 3 टक्क्यांनी. खात्यात राहिले साधारण 4 लाख 18 हजार. आता हाच काळ नियमाने चालवू: आठ तोटे 1 टक्क्याचे, मध्ये तो चार पटीचा नफा. खात्यात 4 लाख 80 हजारांच्या आसपास असते. गेलेल्या 82 हजारांपैकी पद्धतीचे वीस, बाकी 62 हजार तुझे. चिडू नकोस. मी स्वतः एकदा याच्या दुप्पट या मार्गाने घालवलेत, आणि तेव्हा मलाही पद्धतच बदलायची होती, कारण पद्धत बदलणं स्वतःची शीट वाचण्यापेक्षा सोपं असतं.

1 टक्क्याने सरळ नऊ हरला असतास तरी भांडवल साडेआठ टक्क्यांनी उतरलं असतं. दुखतं, पण झोप लागते. 5 टक्क्यांनी नऊ हरलास तर 37 टक्के जातात आणि मुद्दल परत आणायला उरलेल्यावर 59 टक्के कमवावे लागतात. 1 टक्का ठेवायचा तो याच रांगेसाठी. रांग येणार हे धरूनच तो आकडा ठरवलेला असतो, आणि तू तो नेमका रांगेत असताना बदललास.

तिसरा प्रश्न: नऊ म्हणजे खरंच नऊ का?

पहिला, दुसरा आणि तिसरा सौदा बघ. दोन बँका, एक वित्त कंपनी, तिन्ही एकाच आठवड्यात घेतलेले, तिन्हींचे स्टॉप दोन दिवसांत उडाले. शीटमध्ये त्या तीन ओळी आहेत, बाजाराच्या दृष्टीने ती एकच गोष्ट: बँका पडल्या. 4 जून 2024 आठवतो ना, निवडणुकीच्या निकालाचा? निफ्टी एका दिवसात जवळपास 6 टक्के पडला. त्या दिवशी ज्याच्याकडे खरेदीचे सात सौदे उघडे होते त्याला सात तोटे झाले नाहीत, एकच झाला, फक्त सातपट मोठा.

हा मुद्दा दोन्हीकडून कापतो, म्हणून नीट वाच. वरच्या शीटमधलं RAND() दर ओळीला नवं नाणं उडवतं. खऱ्या बाजारात सौदे एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे खऱ्या रांगा गणितापेक्षा लांब निघतात. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस निफ्टी 26,277 च्या शिखरावर होता, आणि ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत सलग पाच महिने खाली बंद झाला. अशा काळात फक्त खरेदीच करणारी ब्रेकआउट पद्धत हरत नसेल तरच तिच्याकडे संशयाने बघावं. तुझ्याच 212 सौद्यांत 2022 ची पहिली सहामाही उघड, बाजार तेव्हाही उतरत होता. तिथे सलग नऊ तोटे आहेत. ते तू तपासताना भराभर स्क्रोल करून पुढे गेलास, कारण तेव्हा खिशातून काही जात नव्हतं.

पण दुसरी बाजू अशी की एका क्षेत्रात तीन सौदे घेतलेस तर तुझी जोखीम 1 टक्का राहत नाही, 3 होते. एका क्षेत्रात एका वेळी दोनच, हा नियम माझ्याकडे आहे. तुझ्याकडे नाही. पद्धतीत काही बदलायचंच असेल तर हे बदल.

चौथा प्रश्न, खरा: मेली हे कळणार कसं?

रांग मोजून कळत नाही, गाठोडं मोजून कळतं. मागचे 40 सौदे घे आणि त्यांत नफ्याचे किती ते मोज. 40 टक्क्यांच्या पद्धतीत 16 अपेक्षित, आणि निव्वळ नशिबाने ते 10 पासून 22 पर्यंत हलतात. 9 किंवा कमी आले तर ते ठणठणीत पद्धतीत शंभरात दोनदाही घडत नाही. तिथे मी नवे सौदे थांबवतो. तुझ्या मागच्या 40 मध्ये, टिपेचा काढून आणि सोडलेला घालून, 14 नफ्याचे आहेत. त्यांचा सरासरी नफा जोखमीच्या 2.1 पट, म्हणजे 29.4 आले, 26 गेले. या भीषण रांगेतले पद्धतीचे आठही तोटे धरूनसुद्धा पद्धत थोडी का होईना वर आहे.

नफ्याचा आकारही मोजायचा, नुसती संख्या नाही. 16 च्या 16 जिंकलास पण सरासरी नफा 1.3 पटीवर आला, तर 20.8 आले आणि 24 गेले. पद्धत अशी गुपचूप मरते, लांब पळणारे सौदे बंद होतात आणि रांग कुठे दिसतच नाही. तुझा 2.4 वरून 2.1 वर आलाय. चाळीस सौद्यांत एवढं हलणं काही नाही, पण हा आकडा मी डोळ्यासमोर ठेवीन. आणि 40 टक्के खरंच 30 वर आलेत का हे खात्रीने सांगायला शंभर-दीडशे सौदे लागतात. नऊ सौद्यांत ते सांगणारा एकतर ज्योतिषी किंवा कोर्स विकणारा.

एक शंका मात्र मला आहे, आणि ती या नऊ तोट्यांतून आलेली नाही. ते 212 सौदे तू कोणत्या शेअरांवर तपासलेस? आजच्या निर्देशांकाच्या यादीवर मागची वर्षं तपासली असशील तर ती यादी वाचलेल्यांची आहे. येस बँक 2020 पर्यंत निफ्टी 50 मध्ये होती, आजच्या यादीवरून तपासणाऱ्याला ती भेटतच नाही. ज्यांनी ब्रेकआउट देऊन नंतर माती खाल्ली असे शेअर गळले, की 40 टक्के आणि 2.4 पट हे दोन्ही आकडे फुगतात. पद्धत आज मेली असं नाही, कदाचित ती पहिल्यापासून तू समजलास तेवढी जिवंत नव्हती. त्या त्या वर्षीच्या यादीवर पुन्हा तपास. 36 टक्के आणि 2.2 पट निघाले तरी चालेल: दहा सौद्यांमागे 7.9 येतात, 6.4 जातात. फक्त मग वरच्या शीटमध्ये 0.4 च्या जागी 0.36 टाक. रांगा आणखी लांब झालेल्या दिसतील, त्याची आधीच सवय होऊ दे.

सोमवारी कर ते एवढं: जोखीम परत 1 टक्क्यावर, तीही आजच्या 4 लाख 18 हजारांवर, 5 लाखांवर नाही. म्हणजे सौद्यामागे 4,180. "कारण" स्तंभात "नियमाने" किंवा "नियमाबाहेर" एवढाच शब्द लिही, आणि सोडलेल्या सिग्नलची ओळही पूर्ण भर, नफा-तोट्यासकट. ग्रुप म्यूट कर.

आणि पुढचा सिग्नल आला की शेअरची संख्या आधी मला पाठव, ऑर्डर नंतर टाक.